555 म्हणजे हसू की रडू?

बँकॉकच्या मैत्रिणीने तुमच्या विनोदावर नुसतं 55555 असं उत्तर पाठवलं, तर खूश व्हा. थाई भाषेत पाच या आकड्याचा उच्चार 'हा' असा होतो, त्यामुळे पाच पाचे म्हणजे 'हाहाहाहाहा'. तेच 555 एखाद्या चिनी मित्राने पाठवलं, तर मात्र आधी विचारपूस करा. चिनीत पाच म्हणजे 'वू', आणि तिथे हुंदके 'वूवूवू' असे येतात. आकडा तोच, पण एकीकडे खिदळणं आणि दुसरीकडे मुसमुसणं. बरं, चिनी माणसाला आकड्यांत हसता येत नाही असंही नाही. तो 233 लिहितो. एका जुन्या चिनी संकेतस्थळावर चेहऱ्यांच्या चित्रांना क्रमांक होते, त्यात २३३ नंबरचं चित्र जमीन बडवत हसणाऱ्याचं होतं. चित्र मागे पडलं, आकडा मात्र टिकला.

म्हणजे गप्पांचा निरोप एका भाषेतून दुसरीत नेताना सगळ्यात आधी भाषांतर करावं लागतं ते हसण्याचं. आणि शब्दकोशात तर ते सापडत नाही.

गवत उगवलं म्हणजे काय झालं?

जपानी लोकांचं हसू पाहा. हसण्याला त्यांच्याकडे 'वाराई' म्हणतात आणि त्यासाठी 笑 हे चिन्ह आहे. भराभर टाइप करणाऱ्या मंडळींना तेवढाही दम निघेना, म्हणून 'वाराई'चं पहिलं रोमन अक्षर w तेवढं उरलं. खूप हसू आलं की wwww. आता ही अक्षरं ओळीने पाहिली तर जमिनीतून वर आलेल्या गवताच्या पात्यांसारखी दिसतात. कुणाच्या तरी ते लक्षात आलं आणि wwww ऐवजी लोक सरळ 草, म्हणजे 'कुसा', म्हणजे गवत, असं लिहू लागले. आज एखादा जपानी मुलगा 'गवत' एवढाच निरोप पाठवतो आणि समोरच्याला कळतं की हा हसतोय. हे शब्दशः मराठीत आणलंत तर वाचणाऱ्याला वाटेल, याच्या बागेत काहीतरी झालंय.

ब्राझीलवाले kkkkk लिहितात, कारण पोर्तुगीजमध्ये k या अक्षराचं नाव 'का' आहे, म्हणजे ते 'काकाकाका' असं हसतात. पण हाच निरोप इंग्रजीत नेताना तीन k तसेच ठेवले, तर अमेरिकन वाचकाला वंशद्वेषी टोळीचं नाव दिसतं आणि विनोदाचा पार चुथडा होतो. तिथे 'हाहा' लिहिण्यावाचून गत्यंतर नाही. स्पॅनिश लोक jajaja लिहितात, पण तो 'जाजाजा' नव्हे. त्यांचा j आपल्या 'ह'च्या जवळचा, त्यामुळे तो सरळ हाहाहाच. इंडोनेशियात wkwkwk. फ्रेंच माणूस mdr लिहितो, म्हणजे 'हसून मेलो'ची आद्याक्षरं.

कोरियन हसू जरा नाजूक प्रकरण आहे. ㅋ हे 'ख'च्या जवळचं अक्षर. ㅋㅋㅋㅋ म्हणजे मस्त हसू. पण एकटा ㅋ आला तर ते हसू कोरडं वाटतं, कधीकधी तुच्छतेचंही. आपल्याकडे कुणी 'हं' म्हणून विषय संपवावा, तसं. म्हणून कोरियनमधून आणताना अक्षरं मोजावी लागतात. चार असतील तर 'हाहाहा' चालेल, एकच असेल तर नुसतं 'हं' बरं.

रशियन मंडळींनी तर हसऱ्या चेहऱ्याचे डोळेच काढून टाकले. आपल्या :) मधला फक्त कंस उरला: ')'. रशियन कळफलकावर विसर्गासारखा तो कोलन टाइप करायला गैरसोयीचा, हे त्याचं नेहमी दिलं जाणारं कारण. आनंद जास्त असेल तर '))))'. एक कंस हा बऱ्याचदा साधा सौजन्याचा सूर असतो, त्यात हसण्यासारखं काही नसतं. इंग्रजी भाषांतरात हे कंस तसेच राहिले, की वाचणारा सुरू झालेला कंस कुठाय ते शोधत बसतो.

या सगळ्या गर्दीत मराठीची श्रीमंती पाहून मला उगाच कॉलर ताठ करावीशी वाटते. खुदुखुदू, फिदीफिदी, खी खी, ख्या ख्या ख्या, हॅ हॅ हॅ. प्रत्येकाचा माणूस वेगळा. 'हॅ हॅ हॅ' हे साहेबाच्या रटाळ विनोदावर काढलेलं हसू, 'ख्या ख्या' हे कट्ट्यावरचं, 'फिदीफिदी' हे दुसऱ्याच्या फजितीवर, आणि ते सहसा तक्रार करणाराच लिहितो: 'फिदीफिदी हसू नकोस.' थाई मैत्रिणीचे पाच पाचे मराठीत आणायचे, तर आधी ती कशावर हसली हे पाहायचं आणि मग यातलं एक उचलायचं.

तळवा वर केलेली बाई नक्की काय करतेय?

इमोजी ही जागतिक भाषा आहे, असं म्हणणाऱ्या माणसाला 💁 दाखवावी. एक हात खांद्याच्या उंचीवर, तळवा वर. अमेरिकेत ही बाई केस उडवून 'मग? मी म्हणालेच होते' असं म्हणते. युनिकोडच्या यादीत मात्र तिचं मूळ नाव आहे 'माहिती कक्षावरची व्यक्ती'. बिचारी नम्रपणे विचारतेय, काय मदत करू? जपानी दुकानात किंवा स्टेशनवर असा हात पुढे करून वाट दाखवतात, हे माहीत असेल तरच तिचा खरा अर्थ कळतो.

याचं कारण इमोजींच्या जन्मातच आहे. शिगेताका कुरिता यांनी १९९९ साली जपानच्या एनटीटी डोकोमो या मोबाइल कंपनीसाठी १७६ चित्रं काढली, प्रत्येक १२ गुणिले १२ ठिपक्यांत. (ती आता न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहेत.) पुढे २०१० साली युनिकोडने जपानी फोनवरची शेकडो चित्रं जगासाठी खुली केली. चित्रं जगभर गेली, पण त्यामागचे जपानी संकेत घरीच राहिले. 😪 ला युनिकोडमध्ये 'झोपाळू चेहरा' म्हटलंय. नाकातून आलेला फुगा म्हणजे गाढ झोप, हे जपानी चित्रकथांतलं ठरीव चिन्ह. आपल्याकडे मात्र तो सर्दी झालेला किंवा रडवेला चेहरा म्हणून फिरतो. 😤 च्या नाकातून वाफा निघतात. आपण म्हणू, संतापलाय. मूळ नाव 'विजयाचा आविर्भाव'! परीक्षेत पहिली आलेली जपानी मुलगी 😤 पाठवते तेव्हा ती चिडलेली नसते, ती फुशारकी मारत असते. मराठीत नेताना तिथे 😎 जास्त जमेल. तसंच ठेवलंत तर आत्या विचारणार, 'अगं, पहिली आलीस ना, मग रागावलीस का?'

आणि 🙏. जपानमध्ये हे हात 'कृपया', 'आभार' किंवा 'चुकलं माझं' म्हणतात. पाश्चात्त्य देशांत बरेच लोक त्यात प्रार्थना पाहतात, आणि हे दोघांनी एकमेकांना दिलेली टाळी आहे, असं शपथेवर सांगणारेही तिथे भेटतात. आपल्याकडे तर त्यांनी हद्दच केलीय. सकाळी साडेसहाला नमस्कार, कुणी गेल्याचं कळल्यावर श्रद्धांजली, वर्गणी मागताना विनंती आणि एखाद्याने सतराव्यांदा तीच चूक केली की 'कोपरापासून नमस्कार बाबा तुला'. हा शेवटचा 🙏 इंग्रजीत तसाच गेला तर तिकडच्याला वाटेल, कित्ती प्रेमळ आभार मानले! त्यातली चीड पोचवायची असेल तर हात काढून 🙄 लावावा लागतो.

चेहरा फोनागणिकही बदलतो, ही आणखी एक गंमत. इमोजी पाठवताना चित्र जात नाही, फक्त त्याचा क्रमांक जातो, चित्र काढतो समोरचा फोन. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली लोकांना वेगवेगळ्या कंपन्यांचे इमोजी दाखवले. त्यात 😁 हा चेहरा बऱ्याच फोनांवर लोकांना आनंदी वाटला, पण तेव्हाच्या आयफोनवरचा बघून लोकांना वाटलं, याचे दात कळा येऊन शिवशिवतायत. आता कंपन्यांनी चेहरे बरेच सारखे केलेत. तरी जुना फोन वापरणाऱ्या काकांना काय दिसतंय, याची खात्री नसते.

अंगठा: किंमत ब्याऐंशी हजार डॉलर

कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात धान्य खरेदी करणाऱ्या कंपनीने एका शेतकऱ्याला जवसाच्या कराराचा फोटो मोबाइलवर पाठवला आणि खाली लिहिलं, कृपया निश्चित करा. शेतकऱ्याने 👍 पाठवला. पुढे जवसाचे भाव वाढले आणि ठरल्या वेळी माल काही आला नाही. प्रकरण कोर्टात गेलं. शेतकरी म्हणाला, अंगठ्याचा अर्थ 'करार मिळाला' एवढाच होता. कंपनी म्हणाली, 'मान्य'. २०२३ साली न्यायाधीशांनी कंपनीच्या बाजूने निकाल दिला, कारण त्याच दोघांमध्ये पूर्वी 'ओके' वगैरे उत्तरांवर व्यवहार पार पडले होते. नुकसानभरपाई सुमारे ब्याऐंशी हजार कॅनेडियन डॉलर.

भाषांतर करणाऱ्याने हा निकाल जपून ठेवावा, कारण न्यायाधीशांनी केलं ते हेच: एकट्या चिन्हाचा अर्थ न शोधता त्या दोघांच्या जुन्या गप्पा वाचल्या. मराठीत 👍 ला निदान चार रूपं आहेत. 'बरं', 'चालेल', 'झालं काम' आणि 'हो हो, कळलं, आता पुरे'. मागचे दहा निरोप वाचल्याशिवाय यातलं एकही निवडू नये.

आता एक निरोप उलगडून बघू

समजा, मेलबर्नला राहणारी चोवीस वर्षांची मुलगी तिच्या मैत्रिणीला इंग्रजीत लिहिते, आणि तोच निरोप नाशिकच्या मामेबहिणीला मराठीत जायचाय. मूळ इंग्रजी उच्चारात असं:

'ड्यूड, आय ॲम डेड 💀💀 माय बॉस जस्ट सेंट हिज शॉपिंग लिस्ट टू द होल ऑफिस. एग्ज, मिल्क, फूट क्रीम. फूट. क्रीम. लोल एनीवे, यू फ्री टू चॅट धिस आर्व्हो? 🙃'

शब्दाला शब्द लावला तर काय निघतं? 'मित्रा, मी मृत आहे. माझ्या साहेबांनी नुकतीच त्यांची खरेदीची यादी संपूर्ण कार्यालयास पाठवली आहे.' असा निरोप चोविसाव्या वर्षी कुणी बहिणीला लिहीत नाही. पोलिसात तक्रार देताना लिहितात.

सुरुवात 'ड्यूड'पासून. इंग्रजीत तो आता मुलामुलींना सारखाच लागतो. मराठीत आधी ठरवायला लागतं, बोलणारी कोण आणि ऐकणारी कोण. दोघी मुली, दोघी बहिणी, तेव्हा 'अगं'. दोन मुलगे कोल्हापूरचे असते तर 'भावा', नागपूरचे असते तर 'अबे'. 'मित्रा' हा शब्द मराठीत बहुतेक वेळा भांडणापूर्वी येतो.

'आय ॲम डेड'ला लिंग नाही, पण मराठी क्रियापदाला ते लागतंच. 'मेलो' की 'मेले'? लिहिणारी मुलगी आहे, म्हणून 'मेले'. नुसतं 'मेले' लिहिलं तर मात्र मराठीत खरंच काळजी वाटू शकते, म्हणून 'मेले मी हसून'. आता कवटीचं काय? इंग्रजीत तरुण मुलं 💀 हसण्यासाठी सर्रास वापरतात, 😂 त्यांना आईबाबांचा वाटतो. (२०१५ मध्ये ऑक्सफर्ड शब्दकोशाने ज्याला वर्षाचा शब्द म्हणून निवडलं, तोच हा 😂. अवघ्या काही वर्षांत जुनाट झाला.) नाशिकची बहीणही तिच्याच वयाची आणि दिवसभर रील बघणारी असेल, तर कवटी तशीच राहू दे. तिला कळते.

खरी मजा पुढे आहे. या निरोपातला विनोद दोन गोष्टींवर उभा आहे. एक, पायाच्या मलमाचा बेसावध घरगुतीपणा. दोन, 'फूट. क्रीम.' या दोन तुटक शब्दांतले पूर्णविराम. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठातल्या संशोधकांना २०१५ साली असं दिसलं होतं, की मोबाइलवरच्या छोट्या उत्तराला पूर्णविराम असला की ते वाचणाऱ्याला कमी मनापासूनचं वाटतं. इथे तोच थंडपणा मुद्दाम विनोदासाठी वापरलाय, एकेका शब्दावर थांबून डोळे मोठे केल्यासारखा. तेव्हा हे पूर्णविराम ठेवायचेच. आणि 'फूट क्रीम'? 'पायाची क्रीम' म्हटलं की निम्मा विनोद गेला. 'भेगांचं मलम' म्हटल्यावर मराठी वाचकाला लगेच ती पिवळट ट्यूब आणि साहेबाच्या टाचा दोन्ही दिसतात.

इथे मराठीची एक अडचण आड येते. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी असतं, आणि विनोदाचा दणका शेवटच्या शब्दात असावा लागतो. 'यादीत भेगांचं मलम होतं' असं लिहिलं की दणका 'होतं'वर बसतो, म्हणजे कुठेच बसत नाही. यावर मराठीतच एक जुनी सोय आहे: 'काय, तर'. क्रियापद आधी उरकून टाकायचं, 'काय, तर' म्हणून ऐकणाऱ्याला ताटकळत ठेवायचं आणि मग शब्द सोडायचा. गोष्ट रंगवून सांगणारी माणसं हे रोज करतात.

'लोल'ला इथे हसण्याशी काही घेणंदेणं नाही. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जॉन मॅकव्होर्टर यांनी २०१३ च्या एका भाषणात सांगितलं होतं, की लोल हे आता आपण एकाच सुरात आहोत हे दाखवणारं चिन्ह झालंय. या निरोपात ते विषय बदलण्याआधीचा सुस्कारा आहे. म्हणून 'बरं, ते जाऊ दे'. 'आर्व्हो' म्हणजे दुपार, ऑस्ट्रेलियन लाडिक रूप. त्याला मराठीत जोड नाही, म्हणून तिथे सरळ 'दुपारी'. पण तिथे गमावलेला लाड दुसरीकडे भरून काढता येतो: 'संपूर्ण ऑफिस'ऐवजी 'अख्खं ऑफिस'.

साहेबासाठी 'त्यांनी' की 'त्याने'? चारचौघांत 'त्यांनी'. बहिणीशी बोलताना 'बॉसने'. इथे आदरार्थी बहुवचन लावलंत तर त्यातली सगळी टवाळी निघून जाते. तर झालेला निरोप असा:

'अगं मेले मी हसून 💀💀 आमच्या बॉसने घरची यादी अख्ख्या ऑफिसला पाठवली. आणि यादीत काय, तर अंडी, दूध आणि भेगांचं मलम. भेगांचं. मलम. बरं ते जाऊ दे, दुपारी बोलायला मोकळी आहेस का? 🙃'

शेवटचा 🙃 तसाच ठेवलाय. तो उलटा हसरा चेहरा म्हणतो, हसतेय पण आतून वैतागलेय. दोघींच्या पिढीला तो सारखाच कळतो.

आता हाच निरोप बहिणीऐवजी मामीला जायचा असेल, तर चार गोष्टी बदलाव्या लागतील. कवटी आधी काढा, नाहीतर मामी ताबडतोब फोन करेल. तिथे 😂😂 लावा, तिच्या पिढीत तो अजून ताजाच आहे. 'मेले मी हसून' ऐवजी 'हसून हसून पुरेवाट झाली'. 'अगं' ऐवजी 'अहो मामी', किंवा घरात 'ए मामी' चालत असेल तर तेच. 'मोकळी आहेस का'चं 'वेळ आहे का'. भेगांचं मलम मात्र तसंच राहू दे. किंबहुना मामीला ते जास्त आवडेल, आणि ती कुठलं मलम चांगलं तेही सांगेल.

जमलं की नाही, हे ओळखायची एक सोपी खूण आहे. भाषांतर मोठ्याने वाचायचं आणि शेवटच्या शब्दाशी आवाज आपोआप चढतो का पाहायचं. सपाट वाचला गेला तर शब्दक्रम चुकलाय. आणि निरोप मूळच्या दीडपट लांब झाला असेल, तर तुम्ही विनोद समजावून सांगायला लागलात, हे नक्की समजा.

मेल्या, कुठे होतास इतके दिवस?

कवटीवरून आठवलं. इंग्रजीतली नवी पोरं हसून 'मेली' म्हणून त्यांचं कौतुक चाललंय, पण आपल्या आज्या शतकभर लाडाने 'मेल्या' म्हणत आल्या आहेत. 'अरे मेल्या, जेवलास का?' यात मरणाचा काही संबंध नाही, सगळी माया आहे. मराठी मैत्रीचा हा जुना नियम: प्रेम जितकं जास्त, शब्द तितका वाईट. म्हणून नावांचंही तसंच होतं. सचिनचा सच्या होतो, प्रशांतचा पश्या, महेशचा मह्या. नावाला 'या' लावून मोडतोड केली की तो आपला माणूस. इंग्रजीत हे जसंच्या तसं उतरत नाही, पण ऑस्ट्रेलियन इंग्रजी बरीच जवळ येते. तिथे नाव छाटून शेवटी 'ओ' किंवा 'आ' जोडतात: डेव्हिडचा डॅव्हो, गॅरीचा गॅझा. त्यामुळे पश्याला मेलबर्नच्या इंग्रजीत न्यायचं असेल तर तो 'प्रॅशो' होईल. मला हा प्रॅशो बराच आवडला.

एक सावधगिरी मात्र लागते. 'गाढवा' हा शब्द तोंडाने उच्चारताना प्रेमळ वाटतो, कारण आवाज मऊ असतो. निरोपात आवाज नसतो. म्हणून लिहिताना लोक त्यापुढे हसरा चेहरा लावतात, तो चेहरा म्हणजे आवाजाची पावती. भाषांतर करताना तो गळला तर 'गाढवा'चं गाढवच राहतं.

एक न दिसणारं अक्षर

इमोजी आणि मराठीचं एक गुपित नातं आहे. 👨‍👩‍👧 हे कुटुंब दिसायला एक, पण आत तीन चेहरे आहेत, पुरुष, बाई, मुलगी, आणि त्यांना जोडणारं एक अदृश्य चिन्ह, U+200D. त्याला शून्य रुंदीचा सांधा म्हणता येईल. जळतं हृदय ❤️‍🔥 हेही असंच, हृदय आणि आग यांच्या मधोमध तोच सांधा. एखादा प्रोग्राम मजकूर 'स्वच्छ' करताना हा सांधा पुसून टाकतो, आणि मग कुटुंबाचे तीन सुटे चेहरे होतात. हृदय एकीकडे, आग दुसरीकडे.

हाच सांधा मराठीच्या र्‍ च्या पोटात बसलेला असतो, निदान एका जुन्या पद्धतीने टाइप केलं तर. तो गेला की 'आचार्‍यांना'चं 'आचार्यांना' होतं. लग्नाच्या गटावर 'आचाऱ्यांना सांगा, भात संपला' हा निरोप पुढे ढकलता ढकलता 'आचार्यांना सांगा' असा झाला, की भात संपल्याची खबर गुरुजींकडे जाते. नव्या कळफलकांत बहुधा 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरतात, त्यामुळे हा अपघात कमी झालाय. जुन्या मजकुरात मात्र अजून भेटतो.

लांबवलेल्या शब्दांचंही तसंच. इंग्रजी माणूस 'सोऽऽ' लिहिताना एकच अक्षर दाबून धरतो. मराठीत दीर्घ वेलांटी दाबून धरली तर बऱ्याच फोनांवर शब्दामागे ठिपक्यांची वर्तुळं उगवतात, कारण एका व्यंजनाला दोन वेलांट्या फोनला मंजूर नाहीत. म्हणून मराठी पोरं 'भारीईईई' लिहितात, आणि जुन्या छापाचे लोक अवग्रह वापरतात: 'भाऽऽरी'. दोन्ही बरोबर. तरुणाच्या निरोपात अवग्रह दिसला तर मात्र त्याने काकांचा फोन उचललाय, असं समजावं.

आणि जाता जाता

२००९ च्या सुमाराला फ्रेड बेनेन्सन या अमेरिकन माणसाने हर्मन मेलव्हिलची 'मोबी डिक' ही भलीमोठी कादंबरी इमोजींत भाषांतरित करायला घेतली. इंटरनेटवरच्या शेकडो लोकांना पैसे देऊन त्याने प्रत्येक वाक्याची भाषांतरं करून घेतली, मग मतदान घेऊन त्यातलं बरं निवडलं. पुस्तक छापलं गेलं, आणि २०१३ साली वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयाने ते संग्रही घेतलं. मूळ पहिल्या वाक्यात निवेदक स्वतःला हाक कशी मारावी ते सांगतो. इंग्रजीत हाक मारणं आणि फोन करणं यांना एकच शब्द. इमोजीतलं वाक्य टेलिफोनने सुरू होतं, पुढे माणूस, शिडाची होडी, देवमासा आणि शेवटी 👌. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वीच्या, टेलिफोन निघण्याआधीच्या खलाशाच्या हातात भाषांतरकाराने रिसीव्हर दिला होता.